जर्मन पुरवठादाराचे व्हॅट बिल ओळीओळीने कसे वाचावे

युरोपातून यंत्राचा सुटा भाग मागवला की माल पोहोचण्याआधी ईमेलने एक पानाचे बिल येते, आणि भोसरीच्या किंवा शिरोलीच्या एखाद्या कारखान्यात हिशेब लिहिणाऱ्या माणसाला ते नोंदवायचे असते. त्या पानावरचा एकही शब्द आपल्या भाषेतला नसतो. तरीही ते वाचता येते, कारण बिलावर कोणत्या गोष्टी असल्याच पाहिजेत याची यादी युरोपीय संघाने २००६ सालच्या ११२ क्रमांकाच्या व्हॅट निर्देशातील २२६ व्या कलमात ठरवून दिली आहे आणि संघाच्या सत्तावीसही देशांना ती लागू आहे. म्हणून एका देशाचे बिल नीट समजले की दुसऱ्या देशाच्या बिलात फक्त शब्द बदलतात, रकाने तेच राहतात. या लेखात जर्मनीचे बिल घेतले आहे.

खाली अशा बिलाचा मुख्य भाग जसा छापलेला असतो तसा दिला आहे. रकमा उदाहरणासाठी घेतल्या आहेत, नोंदणी क्रमांकांच्या जागी मुद्दाम शून्ये ठेवली आहेत, आणि डावीकडचे मराठी आकडे मी समजावण्यासाठी टाकले आहेत.

```
१  Rechnung Nr. 24-01873
२  Rechnungsdatum 14.10.2024   Lieferdatum 11.10.2024
३  USt-IdNr. DE000000000   Steuernummer 000/000/00000
४  2 Stk  Spindellager  à 3.480,00      6.960,00
   Verpackung                             240,00
   Warennummer 84821090   Ursprungsland DE
५  Nettobetrag                          7.200,00
   USt 0 %                                  0,00
   Gesamtbetrag                     EUR 7.200,00
६  Steuerfreie Ausfuhrlieferung, § 4 Nr. 1a UStG
७  FCA Stuttgart, Incoterms 2020
८  2 % Skonto bei Zahlung innerhalb 10 Tagen, 30 Tage netto
```

आधी आकडे वाचायला शिका

शब्दांआधी आकड्यांचे विरामचिन्ह समजून घेणे आवश्यक आहे, कारण सर्वात महागडी चूक तिथेच होते. जर्मनीत हजाराच्या जागी टिंब आणि दशांशाच्या जागी स्वल्पविराम लिहितात, म्हणजे आपल्या नेमके उलट. चौथ्या ओळीतली ६.९६०,०० ही रक्कम सहा हजार नऊशे साठ युरो आहे. हाच आकडा टॅलीत जसाच्या तसा टाकला, किंवा पीडीएफमधून उचलून एक्सेलमध्ये चिकटवला, तर कधी तो सहा युरो शहाण्णव सेंट होतो आणि कधी आकडा न राहता नुसता मजकूर म्हणून पडून राहतो, त्यामुळे बेरजेत येतच नाही. यावर उपाय साधा आहे. आकडे हाताने भरावेत आणि प्रत्येक ओळीत नग गुणिले दर करून पाहावे. इथे दोन नग, प्रत्येकी तीन हजार चारशे ऐंशी, म्हणून सहा हजार नऊशे साठ. त्यात पॅकिंगचे दोनशे चाळीस मिळवले की पाचव्या ओळीतले सात हजार दोनशे येतात. गुणाकार आणि बेरीज दोन्ही जुळल्या म्हणजे टिंब आणि स्वल्पविराम आपण बरोबर वाचले आहेत.

तारखा मात्र आपल्यासारख्याच, आधी दिवस, मग महिना, मग वर्ष अशा क्रमाने असतात.

मग थेट सहाव्या ओळीवर जा

बिल वरून खाली वाचण्याची आपली सवय इथे बाजूला ठेवावी. पाचव्या ओळीत कर शून्य टक्के आहे, आणि तो शून्य का आहे हे सहावी ओळ सांगते. कर आकारला नसेल तर त्याचे कारण बिलावर लिहिणे विक्रेत्याला कायद्याने बंधनकारक आहे, आणि आपल्या पुस्तकात हे बिल कसे जाणार हे त्या एका वाक्यावर ठरते. माझ्या मते हिशेबनीसाने या बिलातले एकच वाक्य पाठ करायचे असेल तर ते हेच.

आपल्या उदाहरणातले वाक्य ‘श्टॉयअरफ्राय आउसफूरलीफरुंग’ असे वाचतात. श्टॉयअर म्हणजे कर, फ्राय म्हणजे मुक्त, आउसफूर म्हणजे निर्यात आणि लीफरुंग म्हणजे मालाचा पुरवठा. पुढे जर्मन व्हॅट कायद्याच्या चौथ्या कलमाचा उल्लेख आहे. माल युरोपीय संघाच्या बाहेर जात असल्यामुळे जर्मनीने त्यावर कर घेतलेला नाही, एवढाच याचा अर्थ. असे वाक्य असेल तर हे मालाच्या आयातीचे बिल आहे. भारतातला आयजीएसटी सीमाशुल्क भरताना द्यावा लागेल आणि त्याचे क्रेडिट बिल ऑफ एंट्रीवरून मिळेल. हे जर्मन बिल खरेदीची रक्कम आणि पुरवठादाराचे देणे सिद्ध करते, क्रेडिट मात्र त्यावरून कधीच घेता येत नाही.

सेवेच्या बिलावर वेगळे वाक्य असते. सॉफ्टवेअरचे वार्षिक शुल्क, आराखडा तयार करून देणे अशा कामांवरचा कर, ग्राहक व्यावसायिक असेल तर, सर्वसाधारणपणे ग्राहकाच्या देशात लागतो. त्यामुळे जर्मन बिलावर ही सेवा जर्मनीत करपात्र नाही या अर्थाचे वाक्य येते, आणि त्यासोबत किंवा त्याऐवजी ‘श्टॉयअरशुल्डनरशाफ्ट डेस लाइस्टुंग्सएम्पफेंगर्स’ असे लांबलचक शब्द दिसतात. सेवा घेणाऱ्याने कर भरावा, असा त्यांचा अर्थ आहे. आपण ज्याला रिव्हर्स चार्ज म्हणतो तीच ही कल्पना. इथे बिल ऑफ एंट्री नसते. कारखान्याने स्वतःच्या नावे बिल तयार करायचे, आयजीएसटी रोख खात्यातून भरायचा आणि मग त्याचे क्रेडिट घ्यायचे. १ नोव्हेंबर २०२४ पासून असे स्वतःचे बिल सेवा मिळाल्यापासून तीस दिवसांत करावे लागते, म्हणून सेवेचे बिल टेबलावर पडून राहू देऊ नये.

तिसरे एक वाक्य आपल्या बिलावर येऊ नये, पण कधीकधी येते. ते ‘इनरगेमाइनशाफ्टलिशं लीफरुंग’ या शब्दांनी सुरू होते, म्हणजे संघातल्या एका देशातून दुसऱ्या देशात केलेला पुरवठा. भारतातल्या ग्राहकाला हे लागूच होत नाही. विक्रेत्याच्या कार्यालयात कुणीतरी फ्रान्सच्या किंवा इटलीच्या ग्राहकाचा नमुना वापरला, एवढेच त्यातून कळते. असे बिल आले तर माल निघण्याआधीच ते दुरुस्त करून मागावे.

बिलावर १९ टक्के कर दिसला तर

जर्मनीचा सर्वसाधारण व्हॅट दर १९ टक्के आणि सवलतीचा दर ७ टक्के आहे. भारतीय कारखान्याच्या बिलावर यांपैकी कोणताही दर दिसला तर पैसे पाठवण्याआधी थांबावे.

एक प्रसंग मी जवळून पाहिला आहे. एका कारखान्याला मोजमापाच्या यंत्राच्या सॉफ्टवेअरचे वार्षिक बिल आले होते. मूळ रक्कम १,२०० युरो, त्यावर १९ टक्के म्हणजे २२८ युरो कर, एकूण १,४२८ युरो. हिशेब लिहिणाऱ्या मुलाने कराची रक्कम पाहिली आणि ती इनपुट आयजीएसटीच्या खात्यात नोंदवली. हिशेब सोपा जावा म्हणून युरोचा दर ९० रुपये धरू, तर २०,५२० रुपयांचे असे क्रेडिट घेतले गेले की ज्याला कोणताही आधार नव्हता. भारताच्या सरकारला तो पैसा मिळालेला नव्हता. शिवाय रिव्हर्स चार्जने भरायचा खरा कर राहूनच गेला होता. एकाच नोंदीत एक क्रेडिट चुकीचे घेतले गेले आणि एक देणे बुडाले. त्या मुलाला दोष देता येत नाही, कारण ‘कर’ या रकान्यातली रक्कम क्रेडिटच्या खात्यात टाकायची हेच त्याला रोजच्या कामात शिकवलेले होते.

विक्रेत्याने कर लावला त्यामागचे कारणही बिलावरच दिसत होते. मागणी संकेतस्थळावरून नोंदवली होती आणि तिथे कारखान्याचा जीएसटी क्रमांक भरलाच नव्हता, म्हणून विक्रेत्याच्या दृष्टीने ग्राहक व्यावसायिक असल्याचा पुरावा नव्हता. अशा वेळी पुढील क्रमाने जावे. आधी विक्रेत्याला जीएसटी क्रमांक आणि नोंदणीचे प्रमाणपत्र पाठवावे. मग जुने बिल रद्द करून नवे देण्याची विनंती करावी. रद्द करणाऱ्या बिलाला जर्मनीत ‘श्टोर्नोरेखनुंग’ म्हणतात आणि त्यावर जुन्या बिलाचा क्रमांक व उणे रक्कम असते. जुने बिल, रद्द करणारे बिल आणि नवे बिल ही तिन्ही एकत्र फाइल करावीत. नव्या १,२०० युरोच्या बिलावर १,०८,००० रुपये धरून १८ टक्क्यांनी १९,४४० रुपये आयजीएसटी भरावा आणि त्याचे क्रेडिट घ्यावे. विक्रेत्याला लवकर दुरुस्ती करायला सांगताना एक गोष्ट आपल्या बाजूने असते: जर्मन कायद्याप्रमाणे बिलावर चुकून दाखवलेला करही, बिल दुरुस्त होईपर्यंत, त्याला सरकारला द्यावाच लागतो. म्हणजे चूक दुरुस्त करण्यात त्याचाही फायदा आहे.

‘नंतर जर्मनीकडून परत मागू’ असा विचार करून पैसे देऊ नयेत. संघाबाहेरच्या व्यावसायिकांना कर परत करण्याची एक पद्धत आहे खरी, पण ती तिथे रीतसर लागलेल्या करासाठी आहे, चुकून लावलेल्या करासाठी नाही, आणि जर्मनी अशा परताव्यासाठी मागणाऱ्याच्या देशाकडून तशीच सवलत मिळण्याची अट घालतो. परत न मिळणारा परदेशी कर भारतात क्रेडिट होत नाही, तो खर्चात जातो.

मालाच्या बिलावर १९ टक्के दिसण्याचे दुसरे, आणि योग्यही असू शकणारे, एक कारण असते. माल विक्रेत्याच्या कारखान्याच्या दारातच ताब्यात घ्यायचा ठरला असेल, म्हणजे सातव्या ओळीत FCA ऐवजी EXW असेल, तर माल खरोखर संघाबाहेर गेला की नाही हे विक्रेत्याच्या हातात राहत नाही. म्हणून काही विक्रेते कराएवढी रक्कम तारण म्हणून आधी घेतात. आपल्या उदाहरणात ती ७,२०० वर १,३६८ युरो होईल आणि एकूण बिल ८,५६८ युरोंचे दिसेल. माल संघाच्या हद्दीबाहेर गेल्याची सीमाशुल्क खात्याची इलेक्ट्रॉनिक नोंद, जिला ‘आउसगांग्सफरमेर्क’ म्हणतात, विक्रेत्याला मिळाली की ही रक्कम परत येते. ती नोंद आपल्या फॉरवर्डरने मिळवून द्यायची असते, आणि तो विसरला तर पैसे अडकतात. म्हणून पुस्तकात ही रक्कम खरेदीत न धरता ‘पुरवठादाराकडून येणे’ म्हणून वेगळी ठेवावी. मुंबईतला सीएचए बिलाची शेवटची रक्कम पाहून कागदपत्रे भरतो, त्यामुळे कस्टम्सला कोणते बिल आणि कोणती रक्कम दाखवायची हे माल निघण्याआधी त्याच्याशी लेखी ठरवून घ्यावे, नाहीतर जर्मन करावरही भारतीय शुल्क लागण्याची वेळ येते.

आता उरलेल्या ओळी

पहिल्या ओळीतला ‘रेखनुंग’ हा शब्द म्हणजे बिल. त्याच्या आधी ‘प्रोफॉर्मा’ असेल तर ते बिल नव्हे, आगाऊ दिलेला अंदाज आहे, आणि त्यावरून खरेदी नोंदवू नये. ‘आन्त्सालुंग्सरेखनुंग’ म्हणजे आगाऊ रकमेचे बिल, आणि ‘श्लुसरेखनुंग’ म्हणजे शेवटचे बिल, ज्यात संपूर्ण किंमत लिहून आधी दिलेली रक्कम वजा केलेली असते. ही दोन्ही बिले खरेदी म्हणून नोंदवली तर आगाऊ रक्कम दोनदा धरली जाते. ‘गुटश्रिफ्ट’ हा शब्द विशेष सांभाळून वाचावा. व्यवहारात बहुतेक विक्रेते तो क्रेडिट नोटसाठी वापरतात, पण व्हॅट कायद्यात त्याचा अर्थ ग्राहकाने विक्रेत्याच्या वतीने काढलेले बिल असा आहे. जुन्या बिलाचा क्रमांक आणि रक्कम कमी झाल्याचा उल्लेख असेल तरच ती क्रेडिट नोट समजावी.

दुसऱ्या ओळीत दोन तारखा आहेत, बिलाची आणि माल दिल्याची. कधी वेगळी तारीख न देता दोन्ही तारखा एकच आहेत असे वाक्य लिहिलेले असते. आपल्याला माल दिल्याची तारीख सातव्या ओळीसोबत वाचायची आहे. FCA Stuttgart याचा अर्थ स्टुटगार्टला वाहतूकदाराच्या ताब्यात माल दिला की जोखीम ग्राहकाकडे येते. त्यामुळे माल मार्चच्या शेवटी समुद्रात असेल तर तो ३१ मार्चच्या ताळेबंदात ‘वाटेवरचा माल’ म्हणून यायला हवा, तो गोदामात पोहोचला नाही म्हणून वगळता येत नाही. याच ओळीवरून कळते की पुढचे भाडे आणि विमा बिलात धरलेला नाही, आणि कस्टम्सच्या मूल्यात तो मिळवला जाणार आहे. म्हणूनच बिल ऑफ एंट्रीतले मूल्य आणि बिलाची रक्कम जुळत नाही. त्यात कस्टम्सचा युरोचा दर आणि पुस्तकातला दर हेही वेगळे असतात. हा फरक शोधत बसू नये, त्याची कारणे व्हाउचरवर लिहून ठेवावीत.

तिसऱ्या ओळीत विक्रेत्याचे दोन क्रमांक दिसतात. DE आणि पुढे नऊ आकडे असा जो क्रमांक आहे तो व्हॅटचा, आणि तिरप्या रेघांनी तोडलेला आकडा स्थानिक कर कार्यालयाचा. कायद्याला दोन्हींपैकी एक पुरतो. व्हॅटचा क्रमांक युरोपीय आयोगाच्या VIES या पानावर टाकून तपासता येतो, पण जर्मन क्रमांकासाठी ते पान फक्त क्रमांक वैध आहे की नाही एवढेच सांगते, कंपनीचे नाव आणि पत्ता दाखवत नाही. म्हणून वैध असे उत्तर आले तरी तो क्रमांक याच विक्रेत्याचा आहे हे त्याच्या जुन्या बिलांशी ताडून पाहावे. आपला जीएसटी क्रमांक मात्र त्या पानावर सापडणार नाही, तो संघाच्या यादीत नसतो.

चौथ्या ओळीत मालाच्या नावाखाली आठ आकडी ‘वारेननुमर’ आहे. तो आपल्या एचएसएन कोडसारखा दिसतो आणि त्याचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, इथे ते बॉल बेअरिंगचे आहेत. शेवटचे दोन आकडे युरोपीय संघाचे स्वतःचे आहेत. ते जसेच्या तसे बिल ऑफ एंट्रीत उतरवू नयेत. भारतीय दरपत्रकात योग्य आठ आकडी कोड शोधावा. त्याच ओळीतला ‘उअरश्प्रुंग्सलांट’ म्हणजे माल कुठे बनला तो देश, आणि तो विक्रेत्याच्या देशापेक्षा वेगळा असू शकतो.

आठवी ओळ पैशांची आहे. ‘स्कोन्टो’ म्हणजे लवकर पैसे दिल्यास मिळणारी सवलत. दहा दिवसांत, म्हणजे १४ ऑक्टोबरच्या बिलासाठी २४ ऑक्टोबरपर्यंत, दोन टक्के म्हणजे १४४ युरो कमी द्यायचे आणि ७,०५६ पाठवायचे, नाहीतर तीस दिवसांत पूर्ण ७,२००. इथल्या ‘नेट्टो’ चा पाचव्या ओळीतल्या करवजा रकमेशी काही संबंध नाही, त्याचा अर्थ सवलतीविना पूर्ण रक्कम. सवलत घ्यायची असेल तर बँकेला सर्व खर्च आपल्याकडून कापायला सांगावे, कारण मधल्या बँकेने पंधरा-वीस युरो कापून घेतले की विक्रेत्याच्या खात्यात रक्कम कमी पडते आणि सवलतीवरून वाद सुरू होतो. बँकेचा क्रमांक पानाच्या तळाशी असतो. जर्मन खात्याचा IBAN अक्षरे धरून बावीस चिन्हांचा असतो, आणि तो मागच्या बिलापेक्षा बदललेला दिसला तर ईमेलला उत्तर न देता जुन्या माहितीतल्या फोनवर विचारल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.

दुसऱ्या देशाचे बिल आले तर

रकाने तेच असतात, कराचे नाव बदलते. डावीकडचे अक्षर ओळखले की कराची ओळ सापडते, आणि तिच्या आसपास शून्य कराचे कारण शोधायचे.

```
USt / MwSt   जर्मनी, ऑस्ट्रिया
TVA          फ्रान्स
IVA          इटली, स्पेन, पोर्तुगाल
BTW          नेदरलँड्स
```

सेवेच्या बिलावर फ्रान्समध्ये ‘ऑटोलिकिडासिओं’, इटलीत ‘इन्व्हर्सिओने कोन्ताबिले’ आणि नेदरलँड्समध्ये ‘बेतेवे फर्लेख्ट’ हे शब्द रिव्हर्स चार्जसाठी येतात. कर शून्य असेल आणि त्याचे कोणतेच कारण लिहिलेले नसेल, तर बिल अपुरे आहे. अशा वेळी विक्रेत्याला एकच प्रश्न लेखी विचारावा, की कर कोणत्या कलमाखाली शून्य धरला आहे, आणि त्याचे उत्तर त्या बिलाला जोडूनच व्हाउचर पुढे पाठवावे.